एक स्पर्श, एक जखम आणि दोन वुजू

*आपा, अस्सलामु अलैकुम. मी हनफी घरात वाढले, माझे शौहर शाफई आहेत. लग्नाला चार महिने झाले. नमाजच्या आधी माझा हात त्यांना लागला की ते पुन्हा वुजू करायला उठतात. मला ते लागतं. उलट माझं बोट कापून रक्त वाहिलं की मी वुजू करते, तर ते म्हणतात, कशाला? त्यांचे एक मित्र म्हणतात, कुराण एक, पैगंबर एक, मग एकाच इमामाला धरून का बसायचं, ज्याचं सोपं असेल ते घ्या. आमच्या दोघांपैकी एकाचं तरी चुकत असणारच ना? मग मी त्यांच्या मागे नमाज कशी पढू? – एक बहीण*

वा अलैकुमुस्सलाम, बेटी.

जे तुला लागतं, तिथूनच सुरुवात करते. तुझा हात लागल्यावर ते उठतात, त्याचा अर्थ तुझा हात नापाक आहे असा नाही. शाफई फिकहमध्येही तसं कुणी मानत नाही. झोपेनेही वुजू तुटतो, म्हणून झोप काही घाण ठरत नाही. नवराबायकोचा स्पर्श त्यांच्याकडेही पूर्ण हलाल आहे. त्यांच्या हिशेबात त्या स्पर्शाने दोघांचाही वुजू जातो आणि नमाजला उभं राहायचं तर तो पुन्हा करावा लागतो, एवढंच. ते उठतात ते अल्लाहसमोर उभं राहण्याच्या तयारीसाठी. तुझ्यापासून दूर जाण्याशी त्याचा काही संबंध नाही.

आता हे त्यांनी कुठून घेतलं ते बघ. सूरह अल-माइदाच्या सहाव्या आयतीत वुजू, गुस्ल आणि तयम्मुमचे हुकूम आहेत. त्यात तयम्मुम कधी करायचा ते सांगताना शब्द येतात, ‘किंवा तुम्ही स्त्रियांना स्पर्श केला असेल आणि पाणी मिळालं नाही’. मूळ अरबी शब्द ‘लामस्तुम’. इमाम शाफई म्हणाले, लम्स म्हणजे हाताने शिवणं. शब्दाचा सरळ अर्थ लागत असेल तर तो सोडायला सबळ कारण हवं. शिवाय याच आयतीचं दुसरं प्रमाण पठण ‘लमस्तुम’ असं आहे, त्यात साधा स्पर्शच जास्त दिसतो. सहाबांपैकी हजरत इब्न उमर आणि इब्न मसऊद यांनीही हाच अर्थ घेतला होता.

इमाम अबू हनीफांनी तीच आयत वाचली आणि हजरत इब्न अब्बास यांचा अर्थ घेतला, की इथे स्पर्श म्हणजे शरीरसंबंध. कुराणात हा विषय आला की तो आडून, अदबीने सांगितला जातो. शिवाय ‘लामस’ हे रूप दोघांनी मिळून करायच्या क्रियेचं आहे. आणि आयतीची रचना बघितली तर शौचाचा उल्लेख आला, म्हणजे वुजू तुटणारी अवस्था झाली. त्यानंतर स्पर्शाचा अर्थ शरीरसंबंध घेतला, की गुस्ल लागणारी अवस्थाही येते आणि पाणी नसताना दोन्हींसाठी तयम्मुम चालतो हे एकाच वाक्यात पुरं होतं. साधा स्पर्श धरला तर लहान नापाकीच दोनदा येते.

हजरत आयेशा सांगतात, मी पैगंबरांच्या (स.) समोर झोपलेली असायचे, माझे पाय त्यांच्या किब्ल्याच्या बाजूला. ते सजद्याला जाताना मला हाताने हलवायचे, मी पाय आखडून घ्यायचे. त्या दिवसांत घरात दिवे नसायचे, असंही त्या पुढे सांगतात. ही हदीस बुखारीत आहे, दोन्ही बाजूंना मान्य आहे. हनफी म्हणतात, बघा, नमाजमध्येच हात लावला आणि नमाज चालू राहिली. शाफई म्हणतात, अंधारात पांघरुणावरून हात लागला असेल, त्वचेला त्वचा लागली असं हदीसमध्ये कुठे आहे? दोघंही त्या अंधाऱ्या खोलीकडे तितक्याच निष्ठेने बघत आहेत. हे मी विद्यार्थिनींना शिकवते तेव्हा दरवेळी थोडा वेळ थांबते, कारण एकाच ओळीतून दोन रस्ते फुटताना प्रत्यक्ष दिसतात.

आता जरा अवघड पण फार कामाची गोष्ट. दुसरी एक रिवायत आहे, पैगंबर (स.) आपल्या पत्नीचं चुंबन घेत आणि नव्याने वुजू न करता नमाजला जात. अबू दाऊदने ती नोंदवली आणि लगेच सांगितलं की ही मुर्सल आहे, म्हणजे हजरत आयेशांकडून सांगणाऱ्याने ती त्यांच्या तोंडून ऐकलेलीच नाही, मधली कडी गळाली आहे. अशी कडी तुटलेली हदीस घ्यायची का? हनफी म्हणतात, सुरुवातीच्या पिढ्यांतला माणूस विश्वासू असेल तर घ्यायची. इमाम शाफई म्हणतात, दुसरीकडून आधार मिळाल्याशिवाय नाही. हा नियम त्यांनी वुजूसाठी बनवला नाही. तो त्यांच्या पूर्ण फिकहला लागू आहे.

त्याचा परिणाम दुसऱ्या टोकाला बघ. नमाजमध्ये कुणी मोठ्याने हसलं तर हनफी म्हणतात, नमाज तर गेलीच, वुजूही गेला. कशावरून? एक अंध माणूस खड्ड्यात पडला, मागे नमाज पढणारे काही जण हसले आणि पैगंबरांनी (स.) त्यांना वुजू आणि नमाज दोन्ही पुन्हा करायला सांगितलं, या रिवायतीवरून. तीही मुर्सलच. शाफईंनी ती घेतली नाही, म्हणून त्यांच्याकडे हसल्याने नमाज तुटते पण वुजू राहतो.

बघ, मुर्सल घ्यायची हा एकच नियम हनफींना स्पर्शाच्या बाबतीत सवलतीकडे नेतो (त्यांचा तो एकमेव आधार नाही, पण एक आधार आहे) आणि हसण्याच्या बाबतीत कडकपणाकडे. शाफईंचं नेमकं उलट. इमामांनी सोपं-अवघड बघून काहीच ठरवलं नव्हतं. त्यांनी आधी पुरावा तोलायची रीत ठरवली आणि मग ती रीत नेईल तिथे गेले, सोयीचं असो वा नसो. आपण ज्याला मजहब किंवा मसलक म्हणतो ती ही रीत आहे. म्हणूनच इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांनी कितीतरी प्रश्नांत आपल्या उस्तादांपेक्षा, म्हणजे अबू हनीफांपेक्षा, वेगळं मत दिलं, तरी ते हनफीच मोजले जातात.

तुमच्या मित्राला याच ठिकाणी उत्तर आहे. ते हनफींकडून ‘स्पर्शाने वुजू तुटत नाही’ घेतील आणि शाफईंकडून ‘हसल्याने तुटत नाही’. मग मुर्सल हदीस त्यांनी मानली की नाही? ज्या झाडाला फळ लागतं ते झाड नाकारून फळ मात्र खिशात घालायचं, असं होतं ते.

रक्ताकडे येते. मतभेद इथे मला सगळ्यांत सुंदर वाटतो. एका मोहिमेवरून परतताना रात्री खिंडीच्या तोंडाशी दोन सहाबा पहाऱ्याला होते. एक मुहाजिर, एक अन्सारी. मुहाजिर आडवे झाले, अन्सारी नमाजला उभे राहिले. शत्रूच्या माणसाने अंधारातून बाण मारला, तो लागला. त्यांनी उपटून काढला आणि नमाज चालू ठेवली. असे तीन बाण लागले. मग रुकू-सजदा करून त्यांनी सोबत्याला जागं केलं. त्याने रक्त बघून विचारलं, पहिला बाण लागला तेव्हाच का नाही उठवलं? ते म्हणाले, मी एक सूरह पढत होतो, ती मध्येच तोडावीशी वाटली नाही.

शाफई आणि मालिकी म्हणतात, रक्ताने वुजू तुटत असता तर ही नमाज चालू राहिलीच नसती, आणि पैगंबरांनी (स.) ती पुन्हा पढायला सांगितल्याचं कुठेही येत नाही. हनफी म्हणतात, थांबा. तीन जखमांचं रक्त अंगावर, कपड्यांवर नक्की आलं असणार, आणि रक्त नापाक आहे हे तर तुम्हालाही मान्य आहे. मग तेवढ्या रक्ताने भरलेल्या कपड्यांत नमाज कशी झाली? जे उत्तर तुम्ही त्याला द्याल, तेच आम्ही वुजूला देऊ. त्या क्षणी त्या माणसाची जी अवस्था होती तिच्यावरून सर्वांसाठी नियम निघत नाही.

हनफींचा स्वतःचा आधार वेगळा आहे. फातिमा बिन्त अबी हुबैश यांना सतत रक्तस्राव व्हायचा. पैगंबरांनी (स.) सांगितलं, हे मासिक पाळीचं नाही, हे शिरेचं रक्त आहे, आणि प्रत्येक नमाजसाठी वुजू करायला सांगितलं. हनफी म्हणतात, कारण सांगितलं ते ‘शिरेचं रक्त’. मग शिरेचं रक्त कुठूनही वाहिलं तरी वुजू लागणार. शाफई म्हणतात, वुजू लागला तो रक्त ज्या मार्गाने आलं त्या मार्गामुळे, कारण त्या मार्गाने काहीही आलं तरी वुजू तुटतोच. कारण रक्त की मार्ग? सगळा मतभेद एवढ्यावर उभा आहे. हनबलींकडे रक्त पुष्कळ असेल तर तुटतो, थोडं असेल तर नाही. आणि हनफींकडेही रक्त जखमेच्या तोंडावरून वाहायला हवं. नुसता थेंब वर येऊन तिथेच थांबला तर वुजू जात नाही. तुझ्या बोटाला नुसता ओरखडा असेल तर उगाच उठू नकोस.

आता तुमच्याच घरातला एक प्रसंग धरू. तुझा वुजू आहे. चाकूने बोट कापलं, रक्त वाहिलं. तू म्हणालीस, शौहर शाफई आहेत, त्यांच्याकडे तुटत नाही, चालेल. मग त्यांचा हात तुझ्या हाताला लागला. तू म्हणालीस, मी हनफी आहे, माझ्याकडे तुटत नाही, चालेल. आणि जाऊन नमाज पढलीस. इमाम अबू हनीफांना विचार, ते म्हणतील, रक्त वाहिलं, वुजू नव्हता, नमाज झाली नाही. इमाम शाफईंना विचार, ते म्हणतील, स्पर्श झाला, वुजू नव्हता, नमाज झाली नाही. दोघांचं मत मिळवून दोघांपैकी एकाच्याही हिशेबात न झालेली नमाज हाती राहिली. याला फिकहमध्ये तल्फीक म्हणतात, म्हणजे वेगवेगळ्या कापडांचे तुकडे शिवून एकच अंगरखा करणं. पुस्तकांत तल्फीकचं जे उदाहरण येतं ते नेमकं हेच आहे.

एका मसलकाला धरून राहण्याचं खरं कारण मला हे वाटतं. आपण सामान्य माणसं पुरावा तोलू शकत नाही. मी इतकी वर्षं शिकवते, पण मुर्सलची कडी कुठे तुटली ते मलाही कुणीतरी आधी शोधून ठेवलंय म्हणून कळतं. तेव्हा ज्याने तोललं त्याच्यामागे जायचं, तर एका इबादतीत तरी शेवटपर्यंत त्याच्याच मागे जायचं, म्हणजे ती इबादत पूर्ण झाली असं म्हणणारा कुणीतरी असतो.

याचा अर्थ दार कायमचं बंद, असा नाही. हजचं बघ. तवाफला वुजू लागतो. गर्दीत बायकापुरुषांचा स्पर्श टाळणं अशक्य होतं. शाफई उलमा तिथे आपल्या लोकांना सांगतात, स्पर्शाच्या बाबतीत हनफी मत घ्या. पण सोबत हेही सांगतात, की मग वुजूही हनफी पद्धतीने पुरा असू द्या. शाफई वुजूत डोक्याच्या काही केसांवरून ओला हात फिरला तरी मसह होतो, हनफी वुजूत डोक्याचा चौथा हिस्सा लागतो. तेव्हा तवाफआधी चौथा हिस्सा पुसायचा आणि मध्ये कुठे खरचटून रक्त वाहिलं तर वुजू गेला असं समजायचं. गरज खरी आहे, दुसऱ्याचं मत घेतलं, आणि घेतलं तर त्याच्या अटींसकट घेतलं. तुमच्या मित्राचं ‘सोपं ते घ्या’ आणि हे, यातला फरक ओळखायला एकच प्रश्न स्वतःला विचारायचा. उत्तर आधी ठरवून मी इमाम शोधतेय का?

आणि दुसऱ्याचा आदर? तो इमामांनी एकमेकांकडून शिकूनच उभा केला. इमाम शाफई मदीनेत इमाम मालिक यांचे विद्यार्थी होते, नंतर इराकमध्ये अबू हनीफांचे शागिर्द इमाम मुहम्मद यांच्याकडे शिकले. इमाम अहमद बिन हंबल इमाम शाफईंचे विद्यार्थी. ज्यांच्याकडे बसून शिकले त्यांच्याशीच असहमत झाले आणि तरी अदब सोडली नाही. हनफी उलमांचं जुनं वाक्य आहे: आमचं मत बरोबर आहे पण त्यात चूक असू शकते, दुसऱ्याचं चूक आहे पण ते बरोबर असू शकतं. तुझ्या ‘एकाचं तरी चुकत असणार’ला याहून नेमकं उत्तर नाही. अल्लाहजवळ बरोबर एकच असेल, असंच बहुतेक उलमा मानतात. पण बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हदीस आहे, की निवाडा करणाऱ्याने पूर्ण प्रयत्न करून बरोबर निर्णय दिला तर दोन सवाब, चुकला तर एक. चुकलेल्याला गुन्हा नाही, सवाबच आहे. मग त्याच्यामागे प्रामाणिकपणे चालणाऱ्याला तू-मी कशी नाकारणार?

हेही सांगते, की सगळीकडे मतभेद चालतो असं नाही. पाच वेळची नमाज फर्ज आहे की नाही, यात चारही मसलकांत मतभेद नाही, असूही शकत नाही. आदर लागू होतो तो जिथे आयत किंवा हदीस खरोखर दोन अर्थांना वाव देते तिथे.

आपल्या लोकांनी हे नेहमी पाळलं असंही नाही, आणि त्याचं मला मनापासून दुःख आहे. मक्केत काबागृहाभोवती कित्येक शतकं चार मसलकांच्या चार वेगळ्या जमाती उभ्या राहायच्या, चार इमामांच्या मागे. विसाव्या शतकात, सौदी राजवट आल्यावर, ते थांबलं आणि एक जमात झाली. मी स्वतः विद्यार्थिनी असताना नमाजमध्ये रुकूच्या आधी हात उचलणाऱ्या एका पाहुण्या मुलीला ‘असं नसतं’ म्हणून सांगितलं होतं. माझ्या उस्तानींनी ऐकलं. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या नमाजला त्यांनी त्या मुलीला पहिल्या रांगेत आपल्या शेजारी उभं केलं. माझे कान अजून तापतात.

तुझा शेवटचा प्रश्न, मागे नमाज कशी पढू. शौहरांचा वुजू कशाने तुटला असं तुला काही माहीत नसेल तर शंका काढत बसू नकोस, निर्धास्त पढ. शोध घेणं तुझ्यावर नाही. प्रश्न फक्त तेव्हा येतो जेव्हा तू डोळ्यांनी बघितलंस की त्यांच्या जखमेतून रक्त वाहिलं आणि ते तसेच उभे राहिले. इथे हनफी उलमांतच दोन मतं आहेत. बऱ्याच जणांकडे मागे पढणाऱ्याचा हिशेब धरतात, म्हणजे तुझी नमाज होणार नाही. काही जण, त्यात इमाम अबू बक्र जस्सास येतात, इमामाचा हिशेब धरतात, म्हणजे त्यांची झाली तर तुझीही झाली. मालिकी आणि हनबलींचा कल या दुसऱ्या मताकडे आहे. इमाम अहमद यांच्याबद्दल सांगतात, की त्यांच्या मते रक्ताने वुजू जायचा, तरी कुणी विचारलं, ‘रक्त निघूनही वुजू न करणाऱ्या इमामामागे तुम्ही पढाल का?’ तेव्हा ते म्हणाले, ‘मालिक आणि सईद बिन मुसय्यब यांच्या मागे मी कसा नाही पढणार?’

पण घरात तुम्हाला या वादापर्यंत जायची गरजच नाही. मतभेदातून बाहेर निघेल असं करणं मुस्तहब आहे, हे शाफईंकडेही लिहिलेलं आहे. तेव्हा शौहरांना सांग, तुम्ही जमात करणार असाल आणि त्याआधी कधी रक्त वाहिलं असेल, तर माझ्यासाठी एकदा वुजू करून घ्या आणि मसह करताना पूर्ण डोकं पुसा. त्यांच्या मसलकात पूर्ण डोकं पुसणं सुन्नतच आहे, त्यांचं काही सुटत नाही. आणि तू वुजूआधी मनात नियत कर, अवयव क्रमाने धू. तुझ्याकडे ते फर्ज नाही, सुन्नत आहे. त्यांच्याकडे फर्ज आहे. मसलक बदलायची तुला गरज नाही, लग्नाने तो बदलत नाही.

आणि मगरिबची अजान होत असताना त्यांचा वुजू झालेला दिसला, तर जानमाज त्यांच्या हातात न देता अंथरून ठेव आणि एक पाऊल मागे उभी राहा.